अभिप्रायांची बेरीज आणि अजिंठ्याचा अंधार

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते गुरुजी दरवर्षी मुलांना सहलीला अजिंठ्याला नेत आणि परत आल्यावर त्यांच्याकडून लिहून घेत. संयोजकांनी मला सांगितलं की ‘सहल कशी वाटली?’ हा प्रश्न गुरुजींनी कधी दिला नाही. ‘काय पाहिलं आणि काय अडलं?’ एवढंच ते विचारत. आजच्या विषयाची सगळी मेख या दोन प्रश्नांच्या फरकात आहे.

मी डिजिटल ॲनालिटिक्स शिकवतो. या विषयात विद्यार्थ्यांना एक प्रकल्प हमखास असतो. एखादा ब्रँड किंवा ठिकाण घ्यायचं, त्याच्याबद्दल लोक समाजमाध्यमांवर आणि नकाशाच्या ॲपवर जे लिहितात ते गोळा करायचं आणि त्यातला सूर संगणकाकडून मोजून घ्यायचा. गोळा करण्याला सोशल लिसनिंग म्हणतात, सूर मोजण्याला सेंटिमेंट ॲनालिसिस. शेवटी अहवालात एक गोल तक्ता येतो: इतके टक्के समाधानी, इतके नाराज, उरलेले तटस्थ. आमच्या भागातली मुलं साहजिकच अजिंठा निवडतात. जागतिक वारसा यादीत १९८३ साली गेलेलं स्थळ, देशविदेशातून येणारे लोक, अभिप्रायांचा तुटवडा नाही. वरून सोपं वाटतं. आत शिरलं की प्रत्येक पायरीवर काहीतरी निसटतं. ते कुठे आणि का निसटतं, हे आज सांगणार आहे.

पहिली पायरी शोधाची. संगणकाला आधी सांगावं लागतं की कोणता मजकूर अजिंठ्याबद्दलचा समजायचा. नुसतं ‘अजंता’ टाकलं तर लेण्यांच्या आधी भिंतीवरची घड्याळं येतात, एका औषध कंपनीच्या शेअरचे भाव येतात, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी अजिंठा एक्स्प्रेस येते आणि श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज अजंता मेंडिसही येतो. २००८ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने भारताचे सहा गडी १३ धावांत बाद केले होते. त्या आठवणीने चिडून लिहिलेलं वाक्य लेण्यांच्या खात्यात नाराजी म्हणून जमा झालं, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मुलं अशी चाळणी लावतात:

```
(अजिंठा OR अजंता OR ajanta OR ajintha)
AND (लेणी OR गुंफा OR cave OR caves)
NOT (pharma OR quartz OR mendis OR express)
```

चाळणी नीटनेटकी दिसते. पण तिच्यात दोन भोकं आहेत. मराठी माणूस ‘अजिंठा’ असं सुटं फारसं लिहीतच नाही. तो ‘अजिंठ्याला गेलो’, ‘अजिंठ्याची लेणी’, ‘लेण्यांमध्ये गर्दी होती’ असं लिहितो. सामान्यरूप झालं की शब्दाचा शेवट बदलतो आणि अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधाला ‘अजिंठ्याला’मध्ये ‘अजिंठा’ सापडत नाही. इंग्रजीत लिहिणारा पाहुणा पूर्ण हाती लागतो, घरचा माणूस गळतो. दुसरं भोक वगळण्याच्या ओळीत आहे. सिकंदराबादचं एखादं कुटुंब अजिंठा एक्स्प्रेसने संभाजीनगरला उतरून लेणी पाहायला गेलं आणि त्याने गाडीचा उल्लेख केला, तर ‘express’ या एका शब्दापायी तो सगळा अभिप्राय बाद. उपाय अवघड नाही. ‘अजिंठ्या’ आणि ‘लेण्यां’ ही रूपं शोधात घालायची आणि वगळलेल्या मजकुरातले शंभरेक नमुने डोळ्यांनी वाचायचे. विद्यार्थी आलेला मजकूर वाचतात, टाकलेला वाचत नाहीत. चाळणीची चूक तर टाकलेल्यातच सापडते.

आता दुसरी पायरी, सूर मोजण्याची. २००२ साली कॅनडातल्या पीटर टर्नी यांनी यावर एक सुरेख प्रयोग केला. त्यांनी मोटारी, बँका, चित्रपट आणि पर्यटनस्थळं यांवरचे ४१० ग्राहक-अभिप्राय घेतले. अभिप्रायातले शब्दगट ‘उत्कृष्ट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आसपास जास्त आढळतात की ‘वाईट’ या अर्थाच्या, हे त्यांनी अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या शोधयंत्रावर तपासलं आणि त्यावरून कौल काढला. सरासरी ७४ टक्के कौल बरोबर निघाले. मोटारींच्या बाबतीत ८४ टक्के, चित्रपटांच्या बाबतीत मात्र ६६. टर्नींनी कारणही दिलं: चित्रपटात दुष्ट पात्रं आणि भयानक प्रसंग असतात, त्यांचं वर्णन करणारे शब्द वाईट असतात, पण म्हणून चित्रपट वाईट नसतो. मोटारीत मात्र भाग वाईट असले की मोटार वाईट असते.

अजिंठा या बाबतीत मोटारीपेक्षा चित्रपटाच्या जवळ आहे. सोळाव्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. पती नंद भिक्षू झाला हे कळल्यावर कोसळलेली सुंदरी आणि तिच्याभोवतीच्या दासी त्यात दिसतात. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प आहे, खाली शोक करणारे अनुयायी आहेत. हे पाहून भारावलेला माणूस मरण, दुःख, रडणं, विरह हेच शब्द लिहिणार. शब्दांना अधिक-उणे गुण देऊन बेरीज करणारं यंत्र या सगळ्यांना उणे गुण देतं आणि सर्वांत मनापासून लिहिलेला अभिप्राय ‘नाराज’च्या कप्प्यात जाऊन बसतो.

विद्यार्थी बहुधा जे साधन वापरतात त्याचं नाव ‘व्हेडर’. ते २०१४ साली प्रसिद्ध झालं, फुकट आहे आणि दोन-चार ओळींत चालतं. त्याच्याकडे साडेसात हजारांच्या आसपास शब्दांचा कोश आहे आणि प्रत्येक शब्दाला माणसांकडून ठरवून घेतलेलं वजन आहे. ‘नाही’ आलं की अर्थ उलटवणं, उद्गारचिन्हाला जोर देणं, असे नियमही आहेत. शेवटी उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान आकडा मिळतो. कोश इंग्रजीचा आहे, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि घाईत सगळे विसरतात. त्याला देवनागरीतलं ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ हे वाक्य द्या. उत्तर येतं:

```
{'neg': 0.0, 'neu': 1.0, 'pos': 0.0, 'compound': 0.0}
```

‘रस्ता इतका खराब की पुन्हा येणार नाही’ हे वाक्य दिलं तरी उत्तर हेच. यंत्राला वाक्य कळलेलं नाही, पण ते तसं सांगत नाही; ते शून्य सांगतं आणि अहवालात शून्याचं नाव ‘तटस्थ’ असं पडतं. मग मुलं निष्कर्ष लिहितात की स्थानिक पर्यटक अजिंठ्याबाबत उदासीन आहेत. मी असे अहवाल तपासले आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: तटस्थ कप्पा अवास्तव मोठा दिसला की तो उघडायचा आणि त्यात देवनागरी किती, रोमन लिपीतली मराठी किती, हे मोजायचं.

मराठीसाठी साधनं अजिबात नाहीत असं मात्र नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्विटं माणसांकडून वर्गीकृत करून घेतली आणि ‘महासेंट’ नावाने खुली केली. पुढे त्यात चित्रपट-परीक्षणं, मालिकांचे संवाद अशी भर पडली. यावर शिकवलेलं प्रारूप व्हेडरपेक्षा कितीतरी बरं. पण प्रारूपाला तेच समजतं ज्यावर ते शिकलं. नामवंत व्यक्तींच्या ट्विटांवर शिकलेल्याला पर्यटकाची बोली परकीच. ‘चित्रं बघून येड लागलं, नाद खुळा’ ही स्तुती आहे आणि ‘वा, चार तास खड्डे खाऊन आलो, धन्य झालो’ ही तक्रार आहे. हे कळायला शब्दांच्या मागचा माणूस आणि संभाजीनगर-अजिंठा रस्त्याचं वर्षानुवर्षं रखडलेलं काम, दोन्ही माहीत असावं लागतं.

तरीही समजा, आपल्याला मराठी उत्तम कळणारं यंत्र मिळालं. तेव्हा खरी अडचण सुरू होते, आणि ती भाषेची नाही. एक अभिप्राय घेऊ. तो नमुना म्हणून मीच रचलेला आहे, पण असे अभिप्राय ढिगाने सापडतात:

‘लेणी अप्रतिम. टी-पॉइंटला बससाठी तासभर उन्हात उभं केलं. आईला पायऱ्या झेपल्या नाहीत, डोलीचा भाव ऐकून तिला खालीच बसवलं. आत अंधार, मोबाइलची बॅटरी लावू देत नाहीत. सोमवारी बंद असतं हे आधी कळलं असतं तर एक दिवस वाया गेला नसता. पाच स्टार.’

या माणसाला समाधानी म्हणायचं की नाराज? पाच स्टार दिलेत म्हणजे समाधानी. तक्रारी मोजल्या तर नाराज. सरासरी काढली तर ‘किंचित समाधानी’, आणि त्या शब्दाचा कोणालाच उपयोग नाही. आता तेच वाक्य-वाक्य सुटं करून पाहू. कलेबद्दल स्तुती आहे. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खाजगी गाड्या थांबतात आणि तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं. ती तक्रार एसटी महामंडळाची आहे. डोलीच्या दराची तक्रार दरफलक कुठे आणि केवढा लावला आहे इथवर जाते. सोमवारची तक्रार माहितीची आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि संभाजीनगरच्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला हे आदल्या रात्री कळायला हवं. ती जबाबदारी पर्यटन महामंडळाची, हॉटेलवाल्यांची आणि टॅक्सीवाल्यांची. अंधाराची तक्रार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जाते, आणि तिच्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे.

म्हणजे ‘अजिंठा’ नावाचा एक दुकानदार नाहीच. चार-पाच वेगवेगळी कार्यालयं आहेत आणि पर्यटक सगळ्यांचा हिशेब एकाच खात्यावर लिहितो. अभिप्राय असा पैलूंनुसार सुटा करण्याच्या पद्धतीवर २०१४ पासून मोठ्या संशोधनस्पर्धा झाल्या. तिथे उपाहारगृहं आणि लॅपटॉप हे विषय होते. आपल्याकडे बस, पायऱ्या, डोली, प्रकाश, वेळापत्रक, स्वच्छतागृह, रस्ता अशी यादी स्वतः बसून करावी लागते. ती करायला दोन दिवस टी-पॉइंटवर उभं राहावं लागतं, आणि प्रकल्पात नेमकं तेच कोणी करत नाही.

यंत्र किती चुकतं हे तपासायची रीत आता पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. हजार अभिप्रायांपैकी शंभरांत बसची खरी तक्रार आहे. यंत्राने त्यातल्या सत्तर पकडल्या, तीस सोडल्या. उरलेल्या नऊशे अभिप्रायांत तक्रार नसताना त्याने नव्वदांवर तक्रारीचा शिक्का मारला. एकूण बरोबर निर्णय ८८०, म्हणजे अचूकता ८८ टक्के. अहवालात हा आकडा ठळक छापला जातो. पण एसटीच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातात १६० तक्रारी, आणि त्यातल्या ९० खोट्या असतात. तो वरच्या दहा वाचतो, निम्म्याहून अधिक निरर्थक निघतात आणि गठ्ठा बाजूला ठेवतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तक्रारी मुळात कमी असतात तिथे एकूण अचूकता फसवी असते. यंत्राने डोळे मिटून ‘तक्रार नाही’ असं हजार वेळा म्हटलं तरी त्याला ९० टक्के मिळाले असते! म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारायचे: यंत्राने दाखवलेल्यांपैकी खऱ्या किती, आणि खऱ्यांपैकी दाखवल्या किती. आपल्या उदाहरणात पहिलं उत्तर ४४ टक्क्यांच्या आत आहे, दुसरं ७०. हे कळण्यासाठी दोनेकशे अभिप्राय दोन माणसांनी एकमेकांचं न बघता वाचून चिन्हांकित करावे लागतात. ज्या अभिप्रायावर त्या दोघांचंच जमत नाही, तिथे यंत्राकडून निकालाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

काळाची तुलनाही जपून करावी. मे महिन्यात कातळ तापलेला असतो आणि सूर उतरतो. ऑगस्टमध्ये वाघूर वाहते, सातकुंडाचा धबधबा पडतो, दरी हिरवीगार होते आणि सूर चढतो. मेपासून ऑगस्टपर्यंत आलेख वर गेला म्हणून बससेवा सुधारली असं लिहिणाऱ्याने पावसाचं श्रेय महामंडळाला दिलेलं असतं. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि तीही एका पैलूपुरती.

यापुढची मर्यादा यंत्राने ओलांडता येण्यासारखी नाही, कारण ती न लिहिलेल्या मजकुराची आहे. मुळात लिहितो कोण? फार आवडलेला किंवा फार चिडलेला. मधला माणूस घरी जाऊन झोपतो. एसटीने आलेली शाळेची सहल लिहीत नाही. बुद्धवंदनेसाठी आलेली बाई चैत्यगृहात हात जोडते आणि निघते. ती स्वतःला ग्राहक समजतच नाही. पायऱ्या पाहून टी-पॉइंटवरूनच परत गेलेले आजोबा लेण्यांच्या अभिप्रायांत कुठेच नसतात, आणि चढण्याच्या सोयीबद्दल सर्वांत मोलाची साक्ष त्यांचीच असते. डोलीवाले आणि दुकानदार रोज शेकडो पर्यटकांची कुरकुर ऐकतात, ती कोणत्याही सर्व्हरवर जात नाही. शिवाय मराठी कुटुंबाची सहलीवरची खरी चर्चा व्हॉट्सॲपच्या घरगुती गटात होते, आणि ती बाहेरच्याला दिसत नाही, दिसूही नये. जे उघडं असतं तेही आता सहज मिळत नाही. ट्विटरची फुकट जोडणी २०२३ मध्ये बंद झाली, फेसबुकवरचा मजकूर अभ्यासायचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये गेलं, आणि गूगलच्या नकाशाची अधिकृत जोडणी एका ठिकाणाचे जास्तीत जास्त पाच अभिप्राय देते. त्यामुळे अहवालात ‘लोक म्हणतात’ असं वाक्य आलं की मी लाल रेघ मारतो. ‘अमुक ठिकाणी, अमुक काळात, अमुक भाषांत लिहिणारे म्हणतात’ इतकंच म्हणण्याचा आपला अधिकार आहे.

आता अंधाराकडे येतो. चित्रं असलेल्या लेण्यांत दिवे मंद आहेत, फ्लॅश चालत नाही, आणि याबद्दलची तक्रार खरी आहे. माणूस शंभर किलोमीटर प्रवास करून येतो आणि पद्मपाणीचा चेहरा त्याला नीट दिसत नाही. ‘ग्राहकाचं ऐका’ या न्यायाने उत्तर सरळ आहे: दिवे वाढवा. मात्र चित्रं अधिक उजळ दिसावीत म्हणून केलेला असाच उपाय अजिंठ्याने एकदा सोसलेला आहे.

मद्रास घोडदळाच्या जॉन स्मिथने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव दहाव्या लेण्यातल्या खांबावर कोरलं, तेव्हापासून बाहेरच्यांची वर्दळ सुरू झाली. पुढे चित्रांच्या नकला करायला कलावंत आले. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फिरवलं गेलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या जाणकारांनी सुटणारे पोपडे चिकटवताना लाखेचं द्रावण वापरलं. पाहणाऱ्याला चित्रं त्या वेळी नक्कीच अधिक झळाळलेली दिसली असणार. पुढे ते थर पिवळे-तपकिरी पडले, धूळ धरून बसले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढण्यात दशकं घालवावी लागली. चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. प्रखर प्रकाश, गर्दीच्या श्वासातली वाफ, दमटपणा यांतलं काहीच त्यांना मानवत नाही.

त्या काळी आमचं साधन असतं, तर वॉर्निशनंतरच्या महिन्यात सूर झपकन वर गेलेला दिसला असता आणि तो आकडा अचूक असता. सेंटिमेंट ॲनालिसिस आज आलेल्या माणसाला आज काय वाटलं ते सांगतं. शंभर वर्षांनी येणाऱ्याने अजून काही लिहिलेलं नाही, आणि स्मारकाचा तोही ग्राहक आहे.

मग ही विद्या टाकून द्यायची का? मुळीच नाही. हजारो अभिप्राय हाताने वाचणं कोणत्याही कार्यालयाला शक्य नाही. त्यातून बसचे बसकडे, रस्त्याचे रस्त्याकडे असे गठ्ठे पाडण्याचं काम यंत्र झटपट करतं. विद्यार्थ्यांना मी आता गोल तक्ता मागत नाही. प्रत्येक कार्यालयासाठी एकेक पान मागतो: त्याच्या वाट्याच्या पाच तक्रारी मूळ शब्दांत पण लिहिणाऱ्याचं नाव वगळून, त्या किती वेळा आल्या, यंत्राने त्यात किती चुका केल्या, आणि कोणाचं म्हणणं यात नाही. पुरातत्त्व खात्याच्या पानावर अंधाराची तक्रार असतेच. तिच्यापुढे मात्र दिवे वाढवण्याची शिफारस नसते. लेण्यात शिरण्याआधी दाराशी अंधार का आहे ते सांगणारा फलक मराठीसह चार भाषांत असावा आणि डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबायला सांगणारा माणूस असावा, अशी शिफारस असते. तक्रार तीच राहते, पण तिचं उत्तर मागणीपेक्षा वेगळं निघतं. ते काढणं हे अहवाल लिहिणाऱ्याचं काम आहे, आणि त्यासाठीच त्याला गुण मिळतात.